रिंगटोन कापली, फेड दिला, आणि आता टोन मुकी वाजतेय किंवा फेडच लागत नाहीये: कारण आणि उपाय

ही तक्रार सारखी येते म्हणून एकदा नीट सविस्तर लिहितोय. गाणं किंवा भाषण डाउनलोड केलंय, त्यातला आवडता तुकडा कापला, सुरुवातीला आवाज हळूहळू चढवणारा आणि शेवटी हळूहळू उतरवणारा फेड दिला, फाइल तयार झाली, एकही एरर आला नाही, आणि फोनवर लावल्यावर मात्र काहीतरी भलतंच होतं. कुणाची टोन पूर्ण मुकी, म्हणजे लांबी बरोबर पण आवाज शून्य. कुणाच्या टोनला फेडच नाही, शेवट खाडकन तुटतो. कुणाची टोन सतरा सेकंदात संपते, कुणाची आयफोनच्या यादीत दिसतच नाही. लोक ॲप बदलतात, फॉरमॅट बदलतात, फोन रीस्टार्ट करतात, पण बहुतेक वेळा घोळ एकाच ठिकाणी असतो: फेडची वेळ कुठल्या शून्यापासून मोजली जातेय, अख्ख्या गाण्याच्या की कापलेल्या तुकड्याच्या.

त्याच्या आधी दोन गोष्टी तपासून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. एक, तुमच्याकडे खरंच फाइल आहे ना? गाण्यांच्या स्ट्रीमिंग ॲपमध्ये डाउनलोडचं बटण दाबलं म्हणजे फाइल आपली झाली असं नसतं, ते गाणं लॉक केलेल्या स्वरूपात त्या ॲपपुरतंच साठवलेलं असतं, ते दुसऱ्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडणार नाही. फाइल मॅनेजरमध्ये जाऊन `.mp3`, `.m4a`, `.wav` किंवा `.flac` अशी फाइल दिसतेय आणि साध्या प्लेअरमध्ये वाजतेय, तरच पुढे चला.

दुसरी गोष्ट, बनवलेली टोन रिंग म्हणून ऐकायच्या आधी साध्या म्युझिक प्लेअरमध्ये ऐका, शक्यतो हेडफोन लावून. प्लेअरमध्ये फेड बरोबर आहे आणि फोन आल्यावरच बिघडतोय, तर दोष फाइलमध्ये नाही, फोनच्या सेटिंगमध्ये आहे. फेस आयडीवाल्या आयफोनमध्ये Attention Aware Features नावाची सेटिंग असते, ती चालू असली की तुम्ही स्क्रीनकडे बघितल्याबरोबर रिंगचा आवाज आपोआप खाली येतो, आणि लोकांना वाटतं की आपला फेड चुकीच्या जागी लागलाय. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आधी नुसतं व्हायब्रेट होऊन मग रिंग हळूहळू वाढवायची सोय असते, तिच्यावर तुम्ही स्वतःचा तीन सेकंदांचा फेड-इन चढवला की पहिले सहा-सात सेकंद कुणाला काही ऐकूच येत नाही आणि फोन मिस होतो. अशा वेळी फाइल पुन्हा पुन्हा कापत बसू नका, ती सेटिंग बंद करा.

आता लांबी. लांबी आधी ठरवा, फेड नंतर, हा क्रम उलटा केला की गडबड होणारच. आयफोनला कॉम्प्युटरवरून टोन टाकायची असेल तर मर्यादा ४० सेकंदांची आहे, गॅरेजबँड ॲपमधून फोनवरच बनवायची असेल तर ३०. अँड्रॉइडला अशी सक्तीची मर्यादा नाही, अख्खं गाणं लावलं तरी चालतं, पण नेटवर्क काही मिनिटभर रिंग देत नाही, साधारण अर्ध्या मिनिटात समोरच्याचा कॉल कटतो किंवा पुढे वळतो, त्यामुळे तिसाव्या सेकंदाच्या पुढे तुम्ही काय ठेवलंय ते क्वचितच कुणी ऐकतं. मी दोन्हीसाठी २५ ते २८ सेकंद धरतो. बरोब्बर ३० किंवा ४० वर कधीच कापू नका, कारण एएसी फॉरमॅटमध्ये एन्कोड करताना सुरुवातीला आणि शेवटी अगदी थोडे जादा सॅम्पल चिकटतात, ३०.०० ची फाइल ३०.०२ होते आणि मर्यादेच्या बाहेर जाते, आणि तुम्ही आपले शोधत बसता की बरोबर तीस ठेवली होती तरी का घेत नाही. एक सेकंद कमी ठेवला की विषय संपला.

एक उदाहरण घेऊन सगळं करून बघू. समजा `gane.mp3` नावाची फाइल आहे, चार मिनिटं छत्तीस सेकंदांची, आणि आपल्याला हवं असलेलं कडवं १ मिनिट १२.४ सेकंदांवर सुरू होतं, म्हणजे ७२.४ सेकंद. हा आकडा अंदाजाने घ्यायचा नाही. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये गाणं उघडा, वेव्हफॉर्म म्हणजे आवाजाचा आलेख मोठा करून बघा, कडव्याचा पहिला शब्द जिथे उठतो त्याच्या किंचित आधी क्लिक करा आणि खालच्या पट्टीत वेळ दिसते ती लिहून घ्या. मोठा करून बघणं महत्त्वाचं, कारण लांबून बघताना जी जागा सुरुवात वाटते ती बऱ्याचदा आधीच्या ठोक्याची शेपटी असते, आणि मग टोनच्या तोंडाशी एक अर्धवट "ठप्" ऐकू येतो.

शेवट कुठे करायचा हे ताल बघून ठरवा. गाणं केरव्यात आहे आणि एक आवर्तन २.४ सेकंदांचं भरतंय असं धरू, तर ११ आवर्तनं म्हणजे २६.४ सेकंद. पूर्ण आवर्तनांवर कापायचा फायदा असा की फोन जास्त वेळ वाजला आणि टोन पहिल्यापासून सुरू झाली तर ती समेवर येते, अधेमधे ठेचकाळत नाही. आवर्तन मोजायला स्टॉपवॉच घेऊन एकच आवर्तन मोजू नका, दहा मोजा आणि दहाने भागा, हाताची चूक त्यात विरून जाते. आणि शेवट शब्दाच्या मधे येत असेल तर एक आवर्तन मागे या, लांबी ही काही परीक्षा नाही, २४ सेकंदांची पण स्वच्छ संपणारी टोन २६ च्या तुटक्या टोनपेक्षा कधीही बरी.

फेड-आउट किती द्यायचा? टोनसाठी दीड सेकंद पुरे. गाण्याच्या अल्बममध्ये असतो तसा सात-आठ सेकंदांचा फेड इथे देऊ नका, कारण टोन परत परत वाजते आणि दर वेळी शेवटचे सात सेकंद खिशातून ऐकूच येणार नाहीत, म्हणजे पंचवीसपैकी अठराच सेकंद कामाचे उरले. काही जण म्हणतात फेड काढूनच टाका आणि शेवट-सुरुवात बिनजोड जुळवा. एमपीथ्रीमध्ये ते नीट होत नाही, एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता घालतोच आणि बरेच फोन ती जशीच्या तशी वाजवतात, त्यामुळे जोडावर बारीक फट राहते. ती फट दीड सेकंदाच्या फेडमध्ये झाकली जाते, हेच फेडचं खरं काम. फेड-इन तर ०.१ सेकंदच ठेवा, तो फक्त कापलेल्या जागेचा "टक्" घालवायला असतो.

म्हणजे आपला हिशोब झाला: सुरुवात ७२.४, लांबी २६.४, फेड-आउट १.५. फेड सुरू कधी होणार? २६.४ वजा १.५, म्हणजे २४.९. नीट बघा, हा २४.९ तुकड्याच्या शून्यापासून आहे, गाण्याच्या नाही. कॉम्प्युटरवर कमांड लिहून चालवायचा ffmpeg हा प्रोग्राम वापरत असाल तर कमांड अशी:

```
ffmpeg -ss 72.4 -t 26.4 -i gane.mp3 -vn -af "afade=t=in:st=0:d=0.1,afade=t=out:st=24.9:d=1.5" -c:a libmp3lame -b:a 192k tone.mp3
```

इथे `-ss` म्हणजे कुठून कापायचं, `-t` म्हणजे किती लांब, `-i` म्हणजे मूळ फाइल, आणि `afade` मधला `st` म्हणजे फेड कधी सुरू, `d` म्हणजे तो किती सेकंदांचा. `-ss` आणि `-t` दोन्ही `-i` च्या आधी आहेत, आणि सगळी मेख तिथेच आहे. `-ss` आधी लिहिलं की ffmpeg आधी गाण्यात ७२.४ वर उडी मारतो, घड्याळ शून्यावर आणतो, आणि मग फेडच्या फिल्टरला आवाज देतो. फिल्टरला वाटतं तुकडा शून्यावर सुरू झालाय, म्हणून २४.९ बरोबर बसतं. आता हीच कमांड बऱ्याच ठिकाणी अशी लिहिलेली सापडते:

```
ffmpeg -i gane.mp3 -ss 72.4 -t 26.4 -vn -af "afade=t=out:st=24.9:d=1.5" tone.mp3
```

दिसायला तेच, पण `-ss` हा `-i` नंतर आलाय. आता ffmpeg गाणं पहिल्या सेकंदापासून वाचतो, फिल्टरमधून नेतो आणि कापतो सगळ्यात शेवटी. फिल्टरच्या घड्याळात अजून गाण्याचीच वेळ चालू आहे, त्यामुळे गाण्याच्या २४.९ व्या सेकंदाला फेड सुरू होतो, २६.४ ला आवाज शून्य होतो आणि त्यानंतर फिल्टर पुढचं सगळं गाणं शून्यच ठेवतो. आपण कापतोय ७२.४ पासूनचा भाग, म्हणजे आपल्या हातात निव्वळ शांतता येते. फाइलची लांबी २६.४ दाखवते, एरर काही नाही, आणि टोन मुकी. लोकांना वाटतं कोडेक बिघडलाय किंवा फोनला फॉरमॅट चालत नाही.

उलटी चूकही तितकीच होते. `-ss` आधी लिहिला, पण फेडची वेळ गाण्याच्या घड्याळाने दिली, म्हणजे ७२.४ अधिक २४.९ करून `st=97.3` टाकलं. तुकडा २६.४ ला संपतो, सत्त्याण्णवावा सेकंद त्यात येतच नाही, फेड कधी सुरूच होत नाही, आणि टोन शेवटी खाडकन तुटते. म्हणून लक्षणावरून ओळखायचं सोपं आहे: टोन पूर्ण मुकी असेल तर फेडची वेळ तुकड्याची दिलीय पण घड्याळ गाण्याचं चालू आहे, आणि फेड अजिबात लागत नसेल तर घड्याळ तुकड्याचं आहे पण वेळ गाण्याची दिलीय. दोन्हीला उपाय एकच, `-ss` आणि `-t` आधी, आणि `st` म्हणजे लांबी वजा फेड.

घाई असली की काही जण `-c copy` लावतात, कारण तो झटकन कापतो आणि क्वालिटी जशीच्या तशी राहते. नुसतं कापायला ठीक आहे, पण त्याच्याबरोबर फेड चालत नाही, ffmpeg स्पष्ट सांगतो:

```
Filtering and streamcopy cannot be used together.
```

कारण फेड द्यायचा म्हणजे आवाजाचा प्रत्येक सॅम्पल बदलायचा आणि त्यासाठी फाइल उलगडून परत एन्कोड करावीच लागते. एकदा परत एन्कोड केल्याने फोनच्या स्पीकरवर फरक कळत नाही, घाबरू नका. फक्त दर वेळी मूळ गाण्यापासूनच सुरुवात करा, आधी बनवलेल्या टोनवरून दुसरी टोन, तिच्यावरून तिसरी असं करत गेलात तर तिसऱ्या वेळेपर्यंत झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

कधीकधी सगळं बरोबर लिहूनही तुकडा सेकंदभर मागेपुढे सरकलेला येतो. हे बदलत्या बिटरेटच्या जुन्या एमपीथ्री फाइलींमध्ये होतं, त्यांच्या तोंडाशी वेळेचा नीट तक्ता नसतो, म्हणून प्रत्येक प्लेअर आपापला अंदाज लावतो आणि एका ठिकाणी ७२.४ दिसतं ते दुसऱ्या ठिकाणी ७३.५ असतं. अशा फाइलीशी भांडू नका, आधी तिची वेव्ह फाइल करून घ्या, जागा त्याच फाइलीत बघा आणि कापाही तिच्यातूनच:

```
ffmpeg -i gane.mp3 -vn gane.wav
```

फाइल मोठी होईल, चार-साडेचार मिनिटांच्या स्टिरिओ गाण्याची पंचेचाळीसेक एमबी, पण काम झालं की डिलीट करायची आहे.

कमांडच्या वाटेला जायचं नसेल तर ऑडॅसिटीत पूर्ण काम होतं, पण तिथेही तोच शून्याचा घोळ वेगळ्या रूपात आहे. हवा तो भाग सिलेक्ट करून `Ctrl+T` दाबलं की बाजूचं सगळं जातं आणि तुकडा उरतो, पण तो उरतो टाइमलाइनवर आपल्या जुन्याच जागी, ७२.४ सेकंदांवर. डावीकडे रिकामी जागा दिसते आणि ती निरुपद्रवी वाटते, पण अख्खा प्रोजेक्ट एक्स्पोर्ट केलात तर ती रिकामी जागा शांतता म्हणून फाइलमध्ये जाऊ शकते. मग फोन वाजतो तेव्हा पहिले ७२ सेकंद काहीच नाही, तोवर कॉल कट, आणि तुम्ही म्हणता टोन वाजत नाही. फाइलची लांबी २६ ऐवजी ९८-९९ सेकंद दिसली की समजून जा हेच झालंय. तुकडा ओढून टाइमलाइनच्या शून्याला चिकटवा, किंवा एक्स्पोर्ट करताना फक्त सिलेक्ट केलेला भाग निवडा.

ऑडॅसिटीत फेड देताना आणखी एक होतं, तुकडा कापून झाल्यावर तो पूर्णच सिलेक्ट झालेला असतो आणि त्याच अवस्थेत लोक Effect मेनूतून `Fade Out` देतात. मग फेड सव्वीस सेकंदभर पसरतो, टोन पहिल्या सेकंदापासून खाली खाली जात राहते. फेड सिलेक्शनवर लागतो, म्हणून आधी फक्त शेवटचा दीड सेकंद सिलेक्ट करायचा, २४.९ ते २६.४, मग `Fade Out`. सुरुवातीचा ०.१ सेकंद सिलेक्ट करून `Fade In`. तिथे `Z` ही कळ लक्षात ठेवा, ती सिलेक्शनच्या दोन्ही कडा जवळच्या शून्य-रेषेवर सरकवते, कापताना ती दाबून मग `Ctrl+T` केलं की बारीक टक् बऱ्यापैकी आधीच जातो.

भाषणाची टोन वेगळं प्रकरण आहे आणि मला ती गाण्यापेक्षा अवघड वाटते. गाण्यात ठेका सावरून घेतो, भाषणात एक अक्षर गेलं तरी वाक्य लंगडं होतं. समजा `bhashan.m4a` ही बेचाळीस मिनिटांची फाइल आहे, आपल्याला हवं असलेलं वाक्य १७:०८.६ ला सुरू होतं, १७:१९.२ ला संपतं, आणि लगेच टाळ्या पडतात. वाक्य "पण" ने सुरू होत असेल तर त्यातला "प" म्हणजे एका क्षणाचा स्फोट असतो, बरोब्बर तिथे कापून ०.३ सेकंदांचा फेड-इन दिला की तो "प" फेडमध्ये बुडतो आणि ऐकू येतं "अण". म्हणून भाषणात वाक्याच्या थोडं आधी, वक्ता श्वास घेतो तिथे कापायचं, इथे १७:०८.३ ला, आणि फेड-इन फक्त ०.०५ ठेवायचा, म्हणजे फेड श्वासावर संपतो आणि शब्द पूर्ण येतो.

शेवटाला वाक्यावर फेड देऊच नका. भाषणाचं शेवटचं अक्षर हळू होत गेलं की वक्त्याचा दम सुटल्यासारखं वाटतं आणि वाक्यातली सगळी ताकद जाते. टाळ्या असतील तर तीन सेकंद टाळ्या घ्या आणि फेड फक्त त्यांच्यावर द्या. १७:०८.३ पासून मोजलं तर वाक्य १०.९ व्या सेकंदाला संपतं, म्हणून फेड ११ ला सुरू, ३ सेकंदांचा, एकूण लांबी १४. टाळ्या नसतील तर सभागृहातली जी साधी घरघर असते ती अर्धा सेकंद ठेवा आणि तिच्यावर फेड द्या, एकदम डिजिटल शांतता आली की कानाला तुटल्यासारखं वाटतं.

भाषणाचा दुसरा त्रास आवाजाचा. गाणी आधीच ठासून मोठी केलेली असतात, भाषण लांबच्या माइकवरचं असतं, त्यामुळे गाण्याची टोन शेजारच्या खोलीत ऐकू येते आणि भाषणाची खिशात पण येत नाही. आवाज वाढवावा लागतोच, पण क्रम सांभाळा, आधी आवाज वाढवायचा, फेड सगळ्यात शेवटी. ffmpeg मधला `loudnorm` हळू भाग ऐकला की तो वर उचलतो, आणि फेड त्याच्या आधी दिलेला असेल तर तो फेडचा उतारही वर ओढायला बघतो, मग टाळ्या विरतच नाहीत, नुसत्या रेंगाळतात. पूर्ण कमांड अशी:

```
ffmpeg -ss 17:08.3 -t 14 -i bhashan.m4a -vn -ac 1 -ar 44100 -af "highpass=f=150,loudnorm=I=-14:TP=-1.5,afade=t=in:st=0:d=0.05,afade=t=out:st=11:d=3" -c:a aac -b:a 128k tone.m4a
```

`highpass` माइकची खालची घुमघुम काढतो, फोनच्या छोट्या स्पीकरला ती वाजवता येतच नाही आणि ती उगाच आवाजाची जागा खाते. `-ar 44100` विसरू नका, `loudnorm` आतल्या आत सॅम्पल रेट १,९२,००० पर्यंत नेतो आणि खाली आणायला सांगितलं नाही तर फाइल विचित्र रेटची होते, काही फोन ती घेत नाहीत. `-ac 1` म्हणजे मोनो, भाषणाला स्टिरिओचा काही उपयोग नाही.

आता आयफोनवाल्यांसाठी. कॉम्प्युटरवरून टाकायच्या टोनची फाइल `.m4r` लागते आणि ती आतून एएसीच असते, म्हणून वरची `tone.m4a` तयार करून नाव बदलून `tone.m4r` करा, एवढंच. ffmpeg ला थेट `.m4r` नाव दिलं तर त्याला ते एक्स्टेन्शन ओळखता येत नाही आणि तो थांबतो. गाण्याची टोन असेल तर पहिल्या कमांडमध्ये `-c:a aac` आणि `tone.m4a` करा, एमपीथ्रीचं नुसतं नाव बदलून `.m4r` केलं तर आयफोन फसत नाही. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेली असतील तर नाव बदलल्यावर खरं नाव `tone.m4r.m4a` राहतं, डोळ्याला `tone.m4r` दिसतं, फोनमध्ये मात्र टोन येत नाही, त्यामुळे आधी एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू करा. आणि `-vn` जिथे लिहिलंय तिथे राहू द्या, गाण्यात अल्बमचं चित्र चिकटलेलं असतं, ते नाही काढलं तर ffmpeg ते व्हिडिओ म्हणून सोबत घालायला बघतो.

कॉम्प्युटर नाही आणि गॅरेजबँडमध्ये फोनवरच करताय, तर दोन सापळे आहेत. नवीन प्रोजेक्ट आठ बारचा असतो आणि टेंपो ११० असतो, आठ बार म्हणजे बत्तीस ठोके, म्हणजे साडेसतरा सेकंद. त्यात गाणं टाकलं की पुढचा भाग दिसतच नाही, आणि लोक विचारतात माझी टोन सतराव्या सेकंदाला का तुटते. वरच्या कोपऱ्यातल्या अधिकच्या चिन्हावरून सेक्शनची लांबी `Automatic` करा, मग गाणं टाका. दुसरा सापळा, तुकडा तीस सेकंदांच्या वर असेल तर रिंगटोन म्हणून शेअर करताना गॅरेजबँड तो आपोआप छोटा करायचं विचारतो, लोक हो म्हणतात, आणि तो जादाचा भाग कापून टाकतो. तुम्ही ३४ सेकंदांच्या तुकड्याला शेवटचे दीड सेकंद फेड दिला होता, तो फेड त्या कापलेल्या भागाबरोबर गेला. म्हणून तिथेही आधी २८ वर आणा, मग फेड.

अँड्रॉइडमध्ये टोन फोनच्या अंतर्गत स्टोरेजमधल्या `Ringtones` फोल्डरमध्ये ठेवा आणि लावल्यानंतर तिथून हलवू नका, नावही बदलू नका. एखाद्या कॉन्टॅक्टला लावलेली टोन काही दिवसांनी आपोआप कंपनीची होते ती बहुतेक याच कारणाने, फोनने फाइलची नोंद धरून ठेवलेली असते, आणि फाइल हलली की नोंद तुटते. मेमरी कार्डवर ठेवली असेल तर तिथून आणा.

आणि यादीत दोन टोन एकाच नावाने दिसत असतील, कुठली कापलेली आणि कुठलं अख्खं गाणं ते कळत नसेल, तर त्याचं कारण असं की बरेच फोन यादीत फाइलचं नाव न दाखवता आतला टायटल टॅग दाखवतात, आणि कापलेल्या तुकड्यात मूळ गाण्याचाच टॅग उतरलेला असतो. फाइलचं नाव कितीही बदललंत तरी फरक पडणार नाही, टॅगच बदलावा लागतो, इथे मात्र `-c copy` बिनधास्त वापरा कारण आवाजाला हात लावायचा नाहीये:

```
ffmpeg -i tone.mp3 -c copy -map_metadata -1 -metadata title="Kadve 2 tone" tone_navi.mp3
```

नवी फाइल `Ringtones` मध्ये टाका, जुनी काढा, आणि यादी परत उघडून नव्या नावाने टोन निवडा.